पोत्याचं सरासरी वजन ५० किलो आहे का, हे ठरवायला किती पोती मोजायची?

"आमची गावची दूध संस्था सभासदांसाठी एका पुरवठादाराकडून पशुखाद्याची ५० किलोची पोती घेते, महिन्याला साधारण ३००. पोती हलकी येतात अशी तक्रार आली म्हणून १० पोती मोजली. सरासरी ४९.८२ किलो आली, प्रमाण विचलन ०.४० किलो. टी-चाचणीत पी-व्हॅल्यू ०.०९ आली. पुरवठादार म्हणतो, म्हणजे माझं वजन बरोबर आहे हे सिद्ध झालं. कोणी सांगतं ३० पोती मोजा, कोणी सांगतं १००. नेमकी किती मोजायची आणि तो आकडा काढायचा कसा?"

पुरवठादाराचं म्हणणं तुमच्या आकड्यांतून निघत नाही. ते का निघत नाही हे लक्षात आलं की पोत्यांचा आकडा काढायची रीतही त्यातूनच मिळते, म्हणून तुमच्या दहा पोत्यांपासूनच सुरुवात करतो.

दहा पोत्यांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी म्हणजे ०.४० भागिले दहाचं वर्गमूळ, साधारण ०.१२६ किलो. 'वजन ५० पेक्षा कमी आहे का' एवढंच विचारणारी एकतर्फी चाचणी ५ टक्के पातळीवर केली, तर दहा पोत्यांसाठी टी-कोष्टकातला आकडा १.८३३ आहे. दोन्हींचा गुणाकार ०.२३. म्हणजे सरासरी ४९.७७ च्या खाली गेली असती, तरच तुमच्या चाचणीनं 'वजन कमी आहे' असा कौल दिला असता.

आता असं धरा की पोती खरोखरच सरासरी २०० ग्रॅमनं कमी भरली जातात, खरी सरासरी ४९.८० आहे. अशा मालातून दहा-दहा पोती पुन्हा पुन्हा उचलली, तर त्यांची सरासरी कधी ४९.८० च्या वर येईल, कधी खाली. पण कौल मिळायला ती ४९.७७ च्याही खाली जावी लागते. त्यामुळे निम्म्याहून जास्त वेळा चाचणी गप्पच राहणार. नीट हिशेब केला तर तूट पकडली जाण्याची शक्यता ४३ टक्क्यांच्या आसपास येते. हीच त्या चाचणीची पॉवर: ठरावीक तूट खरोखर असेल तर ती पकडली जाण्याची शक्यता. शंभरातल्या सत्तावन्न वेळा तूट सुटून जाणार हे आधीपासूनच ठरलेलं असताना ती सुटली, याला पुरावा कसा म्हणायचं?

दुसऱ्या बाजूनंही पाहा. तुमच्या दहा पोत्यांवरून खऱ्या सरासरीचा ९० टक्के विश्वास अंतराल ४९.५९ ते ५०.०५ येतो. त्यात ५० बसतं हे खरं, पण पोत्यामागे ४०० ग्रॅमची तूटही त्यातच बसते. तुमचे आकडे पुरवठादाराच्या बाजूनं जेवढं बोलतात, तेवढंच सभासदांच्या बाजूनंही बोलतात.

आता किती पोती लागतील ते पाहू. त्यासाठी चार गोष्टी आधी ठरवाव्या लागतात, आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही, ती तुम्हालाच ठरवायची आहे. ती म्हणजे किती तूट पकडायची. पोत्यामागे ५ ग्रॅम कमी असले तर कोणी भांडायला जाणार नाही, आणि ५ ग्रॅमची तूट हमखास पकडायची म्हटलं तर हजारो पोती मोजावी लागतील. अर्धा किलो कमी असेल तर गप्प बसणं शक्य नाही. या दोहोंच्या मध्ये कुठे रेघ मारायची, ते पैशांवरून ठरवा. महिन्याला ३०० पोती घेता. पोत्यामागे २०० ग्रॅम तूट म्हणजे महिन्याला ६० किलो, म्हणजे एका पोत्याहून जास्त मालाचे पैसे भरून तो माल आलाच नाही असं. संचालक मंडळाला एवढी तूट चालणार नसेल, तर आपला फरक ०.२ किलो. याला सूत्रात डेल्टा म्हणतात.

एक इशारा इथेच देतो. डेल्टा म्हणून तुमच्या दहा पोत्यांत दिसलेला ०.१८ चा फरक वापरू नका. तो नशिबानं पडलेला आकडा आहे. दुसरी दहा पोती उचलली असती तर ०.०५ किंवा ०.३० आला असता, आणि त्यावर आधारलेली पोत्यांची संख्याही तशीच इकडे-तिकडे उडाली असती. दिसलेला फरक घालून मागाहून पॉवर काढणं हा प्रकार अहवालांत सर्रास दिसतो. त्यातून नवं काही कळत नाही. ती पी-व्हॅल्यूच दुसऱ्या वेषात पुढे येते. डेल्टा हा 'एवढी तूट आम्हाला महत्त्वाची वाटते' या निर्णयातून यायला हवा.

दुसरी आणि तिसरी गोष्ट म्हणजे दोन प्रकारच्या चुकांची मर्यादा. वजन बरोबर असताना पुरवठादारावर ठपका ठेवण्याची शक्यता ५ टक्क्यांपर्यंत ठेवू. तूट २०० ग्रॅमची असताना ती सुटून जाण्याची शक्यता १० टक्के ठेवू, म्हणजे पॉवर ९० टक्के. बऱ्याच ठिकाणी ८० टक्के पॉवर सवयीनं घेतली जाते. इथे पोतं मोजायला दोन मिनिटं लागतात आणि माल खराबही होत नाही. मोजणं इतकं स्वस्त असताना पाचातली एक तूट सोडून द्यायचं कारण नाही. चौथी गोष्ट प्रमाण विचलन, सूत्रातला सिग्मा, म्हणजे एका पोत्यापासून दुसऱ्या पोत्यापर्यंत वजन किती हलतं. सध्या तुमचा ०.४० घेऊ, त्याच्याकडे परत यायचंच आहे.

सूत्र असं:

```
n = ((z_alpha + z_beta) * sigma / delta)^2
```

एकतर्फी ५ टक्क्यांसाठी पहिला झेड १.६४५, ९० टक्के पॉवरसाठी दुसरा १.२८२, बेरीज २.९२७. सिग्मा भागिले डेल्टा म्हणजे ०.४० भागिले ०.२०, बरोबर २. गुणाकार ५.८५४, त्याचा वर्ग ३४.३. अपूर्णांक आला की नेहमी वरचा पूर्णांक घ्यायचा, म्हणजे ३५.

या सूत्रात सिग्मा पक्का माहीत आहे असं धरलेलं असतं. आपण तो मोजलेल्या पोत्यांवरूनच काढणार आणि टी-चाचणी करणार, त्यामुळे थोडी भर घालावी लागते. हातानं करायचं असेल तर पहिल्या झेडच्या वर्गाचा निम्मा, म्हणजे १.३५, मिळवा: ३५.६, म्हणजे ३६ पोती. आर या संख्याशास्त्राच्या संगणक-भाषेत हाच हिशेब एका ओळीत होतो आणि उत्तर ३५.६५ येतं, म्हणजे तिथेही ३६:

```
power.t.test(delta=0.2, sd=0.4, sig.level=0.05,
  power=0.9, type="one.sample",
  alternative="one.sided")
```

आकडे थोडे हलवून पाहिले की सूत्राचा स्वभाव कळतो. पॉवर ८० टक्के चालणार असेल तर २७ पोती पुरतात. जास्त आणि कमी दोन्ही बाजूंचा फरक पकडायचा असेल, म्हणजे चाचणी दुतर्फी असेल, तर ४४ लागतात. पण डेल्टा निम्मा केला, २०० ऐवजी १०० ग्रॅम, तर आकडा थेट १३९ वर जातो, कारण डेल्टाचा वर्ग भागाकारात बसलेला आहे. '३० मोजा' आणि '१०० मोजा' सांगणारे दोघेही एखाद्या डेल्टासाठी आणि एखाद्या सिग्मासाठी बरोबरच असतील. तो डेल्टा आणि तो सिग्मा तुमचा आहे का, हे मात्र त्यांनी विचारलेलं नाही. ३० हा आकडा सरासरीचं वितरण नॉर्मलच्या जवळ येण्याबद्दलच्या ढोबळ नियमातून आला आहे. पॉवरशी त्याचा काही संबंध नाही.

एकतर्फी की दुतर्फी हेही आकडे हातात येण्याआधी ठरवायचं असतं. तुमच्या सभासदांना पोतं जड असल्याची काळजी नाही, म्हणून इथे एकतर्फी योग्य. पुरवठादार स्वतःच्या भरणी यंत्रासाठी हीच चाचणी करत असता, तर त्याला जास्त भरल्याचाही तोटा आहे आणि त्यानं दुतर्फी घ्यायला हवी होती.

आता सिग्माकडे येतो, कारण प्रत्यक्ष कामात गणित फसतं ते बहुतेक वेळा इथेच. ०.४० हा आकडा दहा पोत्यांवरून आलेला आहे. दहा पोत्यांवरून काढलेलं प्रमाण विचलन किती डळमळीत असतं, हे काय-वर्ग कोष्टकावरून काढता येतं: खरा सिग्मा ०.२८ पासून ०.७३ पर्यंत कुठेही असू शकतो, हा त्याचा ९५ टक्के विश्वास अंतराल. तो खरोखर ०.७३ असेल तर ३६ पोत्यांची पॉवर ९० टक्के राहत नाही, निम्म्याच्या आसपास घसरते, आणि ९० टक्के हवी असेल तर ११६ पोती लागतात. म्हणजे ३६ हा आकडा दिसायला नेमका असला तरी त्याच्या खालची जमीन मऊ आहे.

यावर दोन उपाय आहेत. सोपा उपाय असा की हिशेबात मिळालेला सिग्मा जसाच्या तसा न घालता त्याची वरची मर्यादा घालायची, आणि त्यासाठी ८० टक्के विश्वासाची एकतर्फी मर्यादा वापरणं व्यवहारात ठीक ठरतं. तुमच्या आकड्यांवर ९ गुणिले ०.१६ भागिले काय-वर्ग कोष्टकातला ५.३८, याचं वर्गमूळ, म्हणजे ०.५१७. तो घातला की ३६ ऐवजी ५९ पोती येतात. खरा सिग्मा ०.४० च असेल तर थोडी जास्त मेहनत झाली इतकंच, आणि पोती मोजण्यात ती परवडते.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, आणि त्यामागचा इतिहास सांगण्यासारखा आहे. १९४० मध्ये गणितज्ञ जॉर्ज डॅन्झिग यांनी दाखवून दिलं की नमुन्याचा आकार आधीच ठरवून टाकला, तर सिग्मा काहीही असला तरी पॉवर तीच राहील अशी उपयोगाची चाचणी बनवताच येत नाही. १९४५ मध्ये संख्याशास्त्रज्ञ चार्ल्स स्टाइन यांनी त्यातून वाट काढली: आकार आधी ठरवूच नका, दोन टप्प्यांत मोजा. पहिल्या टप्प्यात थोडी पोती मोजून सिग्माचा अंदाज घ्यायचा आणि त्यावरून एकूण किती मोजायची ते ठरवायचं.

तुमच्या कामात ते असं होईल. नवी २० पोती मोजा. आधीची दहा यात धरू नका, कारण त्यांचा निकाल पाहूनच तुम्ही पुढे मोजायचं ठरवलंय. निकाल पाहून त्यातच भर घालत गेलं की ५ टक्क्यांची मर्यादा पाळली जात नाही. समजा नव्या वीस पोत्यांचं प्रमाण विचलन ०.४६ आलं. २० पोत्यांसाठी, म्हणजे १९ डिग्रीज ऑफ फ्रीडमसाठी, टी-कोष्टकातून ५ टक्क्यांचा आकडा १.७२९ आणि १० टक्क्यांचा १.३२८ घ्या. बेरीज ३.०५७, तिचा वर्ग ९.३४५. त्याला ०.४६ च्या वर्गानं गुणा आणि ०.२ च्या वर्गानं भागा: ४९.४, म्हणजे एकूण ५० पोती. आणखी ३० मोजायची.

शेवटी सरासरी सगळ्या ५० पोत्यांची घ्यायची, पण प्रमाण विचलन पहिल्या वीस पोत्यांचंच ठेवायचं आणि उंबरठाही १.७२९ चाच. हे लोकांना विचित्र वाटतं, पण पॉवरची हमी याच अटीवर मिळते. समजा पन्नास पोत्यांची सरासरी ४९.८४ आली. ०.४६ भागिले पन्नासचं वर्गमूळ म्हणजे ०.०६५. तूट ०.१६, भागाकार २.४६. हा १.७२९ पेक्षा मोठा आहे, म्हणून सरासरी ५० असल्याचा दावा नाकारायचा. दिसलेली तूट तुमच्या दहा पोत्यांतल्या तुटीपेक्षा कमी आहे, तरी कौल या वेळी स्पष्ट मिळाला.

आता एक गोष्ट, जी कुठल्याही सूत्रात नाही आणि जिच्यामुळे पन्नास पोती मोजूनही फसायला होतं. वरचा सगळा हिशेब प्रत्येक पोतं स्वतंत्र आहे असं धरून चालतो. पण एका दिवशी, एकाच यंत्रावर, एकाच माणसानं भरलेली पोती एकमेकांसारखी असतात. त्या दिवशी भरणी यंत्राचा काटा खाली सरकलेला असेल तर सगळीच पोती हलकी. समजा ३६ पोती तीन गाड्यांतून बारा-बारा घेतली, आणि एकाच गाडीतल्या पोत्यांच्या वजनांतला परस्परसंबंध ०.२ इतकाच आहे. तर एक अधिक (बारा वजा एक) गुणिले ०.२ म्हणजे ३.२, इतक्या पटीनं नमुना हलका होतो. ३६ पोती स्वतंत्र अशा ११ पोत्यांएवढंच बोलतात. तीच ३६ पोती बारा गाड्यांतून तीन-तीन घेतली तर हा आकडा १.४ वर येतो आणि ३६ पोती सुमारे २६ पोत्यांचं काम करतात. म्हणून एका गाडीतून सगळी मोजण्यापेक्षा महिना-दोन महिने येणाऱ्या प्रत्येक गाडीतून थोडी-थोडी मोजा, गाडीचा क्रमांक आणि पोत्यावरची भरणीची तारीख लिहून ठेवा. गाड्यांच्या सरासऱ्या एकमेकींपासून खूपच दूर दिसल्या, तर चाचणी पोत्यांच्या वजनांवर न करता गाड्यांच्या सरासऱ्यांवर करा, आणि मग सूत्रातला n म्हणजे गाड्यांची संख्या.

तुमचा वाद सगळ्या पुरवठ्याबद्दल नसून समोर उभ्या एकाच गाडीतल्या १२० पोत्यांबद्दल असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे माल मर्यादित आहे, म्हणून ३६ चे २८ होतात: ३६ भागिले (१ अधिक ३५ भागिले १२०). पण तो निकाल फक्त त्या गाडीपुरता.

कुठली पोती मोजायची ते हमालांवर सोडू नका. ते हाताशी असलेली, वरच्या थरातली देतात. गाडी उतरवताना पोत्यांना क्रमांक द्या आणि चिठ्ठ्या टाकून निवडा.

वजन करतानाची काळजी तर पोत्यांच्या संख्येपेक्षा महत्त्वाची आहे. आपण २०० ग्रॅमचा फरक शोधतोय. प्लास्टिकचं विणलेलं रिकामं पोतंच शंभर-सव्वाशे ग्रॅम भरतं. ५० किलो हे निव्वळ वजन आहे, मग पोत्यासकट मोजलं तर निम्मी तूट झाकली जाते. दहा रिकामी पोती एकत्र मोजून सरासरी काढा आणि ती वजा करा. काटा ५० ग्रॅमच्या टप्प्यानं दाखवत असेल तर घाबरायचं कारण नाही. त्या गोल करण्यानं येणारी चूक १४-१५ ग्रॅमच्या प्रमाण विचलनाची, ती ४०० ग्रॅमपुढे कुठेच लागत नाही. पण काटा मुळातच १०० ग्रॅम चुकीचा दाखवत असेल तर पाचशे पोती मोजूनही ती चूक जाणार नाही, उलट तुम्ही चुकीच्या आकड्याबद्दल जास्त ठाम व्हाल. प्रमाणित वजनं ठेवून ५० किलोच्या आसपास काटा तपासा, रोज मोजणी सुरू करताना आणि संपताना. आणि पोती आल्या दिवशीच मोजा. पेंड आणि कोंडा कोरड्या हवेत ओलावा सोडतात, गोदामात महिनाभर राहिलेलं पोतं आपोआप हलकं होतं आणि त्याचा दोष पुरवठादाराला देता येत नाही.

मोजणी सुरू करण्याआधी एका कागदावर डेल्टा, ५ टक्के, ९० टक्के, एकतर्फी चाचणी, पहिल्या टप्प्यातली २० पोती आणि पोतं निवडायची रीत लिहा आणि त्यावर पुरवठादाराची सही घ्या. पोती मोजताना त्याचा माणूस हजर ठेवा. निकाल लागल्यावर डेल्टावरून भांडण होत नाही, कारण तो दोघांनी मिळून ठरवलेला असतो.

आणि दावा नाकारला गेला नाही, तर? तेव्हाही 'वजन ५० किलो आहे हे सिद्ध झालं' असं लिहू नका. सगळ्या ५० पोत्यांवरून विश्वास अंतराल काढा. समजा तो ४९.८६ ते ५०.०८ आला. मग अहवालात असं लिहा: "सरासरी तूट १४० ग्रॅमपेक्षा जास्त असण्याची शक्यता फार कमी आहे, आणि आपण ठरवलेल्या २०० ग्रॅमच्या मर्यादेच्या आत माल आहे." हे वाक्य लिहिण्याचा हक्क तुम्हाला पन्नास पोत्यांनी दिलेला असेल. दहा पोत्यांचा अंतराल ४९.५९ पर्यंत खाली जात होता, त्यामुळे पुरवठादाराला तो हक्क आज नाही.